आधी काय घडले आणि आधी काय सांगितले: एका रात्रीचे तीन क्रम

कोणत्याही कादंबरीतील घटनांना दोन क्रम असतात. एक घडण्याचा. कादंबरीच्या जगात आधी जन्म, मग बालपण, मग लग्न, मग मृत्यू असा जो काळ पुढे सरकतो, त्याचा हा क्रम. दुसरा सांगण्याचा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचकासमोर त्या घटना ज्या क्रमाने येतात, तो हा क्रम. या लेखात पहिल्याला घटनाक्रम आणि दुसऱ्याला निवेदनक्रम म्हणू. सरळ सांगितलेल्या गोष्टीत हे दोन्ही इतके जुळलेले असतात की ते दोन आहेत हे जाणवतही नाही. कादंबरी वारंवार भूतकाळात जाऊ लागली की ते एकमेकांपासून सुटतात आणि मग वाचकाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. समोरचे पान वाचायचे, आणि त्या पानावरची घटना काळात नेमकी कुठे बसते हे मनात ठरवत राहायचे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रशियन रूपवादी समीक्षकांनी हा भेद ठळकपणे मांडला. घडलेल्या घटनांच्या साखळीला त्यांनी ‘फाबुला’ म्हटले आणि कृतीत त्यांची जी मांडणी होते तिला ‘स्युझेत’. पुढे १९७२ मध्ये फ्रेंच समीक्षक जेरार्ड जेनेट यांनी या दोन क्रमांमधील अंतर मोजण्याची साधी पद्धत दिली. मजकुराचे तुकडे ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने त्यांना अक्षरे द्यायची आणि प्रत्येक तुकड्यातील घटना काळाच्या हिशोबात कितवी आहे तो आकडा त्या अक्षराशेजारी लिहायचा. अक्षरे आणि आकडे बरोबरीने चालले तर गोष्ट सरळ आहे. आकडे मागेपुढे उड्या मारू लागले, की त्या उड्या कुठे आणि किती लांबीच्या आहेत हे डोळ्यांना दिसते.

ही पद्धत वापरून पाहण्यासाठी मी एमिली ब्राँटी यांची १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरी घेतो, आणि तीही सगळी नाही. तिच्यातील केवळ एक रात्र घेतो. ही रात्र कादंबरीत तीन ठिकाणी, तीन माणसांमार्फत वाचकापर्यंत येते आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ बदलतो. प्रकरणांचे आकडे ३४ प्रकरणे सलग मोजणाऱ्या नेहमीच्या आवृत्तीनुसार दिले आहेत.

आधी माणसे ओळखून घेऊ. ‘वुदरिंग हाइट्स’ हे माळरानावरील घर अर्नशॉ कुटुंबाचे. हिंडली आणि कॅथरिन ही त्या घरातील भावंडे. त्यांच्या वडिलांनी लिव्हरपूलहून उचलून आणलेला अनाथ मुलगा म्हणजे हीथक्लिफ. खाली दरीत ‘थ्रशक्रॉस ग्रेंज’ हे लिंटन कुटुंबाचे घर, आणि तिथे एडगर आणि इझाबेला ही भावंडे राहतात. कॅथरिनचे मन हीथक्लिफमध्ये गुंतलेले असते, पण ती लग्न एडगरशी करते. पुढे हीथक्लिफ इझाबेलाशी लग्न करून तिला हाइट्सवर आणतो. कॅथरिन मुलीला जन्म देऊन मरण पावते. या दोन्ही घरांत काम केलेली नेली डीन ही बाई अनेक वर्षांनंतर ही सगळी हकिकत लॉकवुड नावाच्या भाडेकरूला सांगते आणि लॉकवुड ती लिहून ठेवतो.

आता ती रात्र कादंबरीत जशी भेटते तशी पाहू.

कादंबरीचा पहिला शब्दच १८०१ हा आकडा आहे. ग्रेंज भाड्याने घेतलेला लॉकवुड आपल्या घरमालकाला, म्हणजे हीथक्लिफला, भेटायला हाइट्सवर जातो. दुसऱ्या भेटीत तो बर्फात अडकतो आणि त्याला तिथेच रात्र काढावी लागते. तिसऱ्या प्रकरणात झोपण्याच्या खोलीत त्याला कॅथरिनचे नाव कोरलेले दिसते, तिची जुनी रोजनिशी सापडते, आणि मग खिडकीबाहेर एक मुलगी आत येऊ देण्यासाठी विनवते आहे असे भयंकर स्वप्न त्याला पडते. त्याच्या ओरडण्याने हीथक्लिफ धावत येतो, त्याला खोलीबाहेर काढतो, आणि आपल्याला कोणी पाहत नाही असे समजून खिडकी उघडतो आणि रडत रडत कॅथरिनला आत ये म्हणून हाका मारतो. लॉकवुडला यातले काहीच उमगत नाही. वाचकालाही उमगत नाही. आडदांड, तुसडा दिसणारा हा माणूस एका मेलेल्या बाईसाठी असा का ढसाढसा रडतो, एवढा एक प्रश्न तेवढा मनात राहतो.

चौथ्या प्रकरणापासून नेली बोलू लागते आणि कादंबरी सुमारे तीस वर्षे मागे जाते. सतराव्या प्रकरणात ती कॅथरिनच्या दफनापर्यंत पोहोचते. दफन शुक्रवारी होते. त्याच संध्याकाळी हवा पालटते आणि बर्फ पडू लागतो. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या घरातून पळालेली इझाबेला ग्रेंजवर येते आणि आदल्या रात्री काय झाले ते नेलीला सांगते. रात्री ती वाचत बसली होती, मन सारखे स्मशानातील नव्या थडग्याकडे जात होते. तेवढ्यात कडीचा आवाज झाला आणि हीथक्लिफ नेहमीपेक्षा लवकर परतला. अचानक आलेल्या वादळामुळे लवकर आला असेल, असा तिचा अंदाज. तिने आणि हिंडलीने त्याला आत घेतले नाही. तेव्हा त्याने हिंडलीच्या हातातील हत्यार हिसकावले, खिडकी फोडून तो आत शिरला आणि जखमी हिंडलीला त्याने लाथांनी तुडवले. इझाबेलाच्या तोंडून ऐकताना ही एका हिंस्र माणसाच्या संतापाची रात्र वाटते.

एकोणतिसाव्या प्रकरणात एडगर मरण पावलेला आहे आणि हीथक्लिफ ग्रेंजवर येऊन नेलीशी बोलतो. काल एडगरसाठी कबर खणली जात असताना आपण कबर खणणाऱ्याकडून कॅथरिनच्या शवपेटीवरची माती बाजूला करवली आणि पेटी उघडून तिचा चेहरा पाहिला, असे तो सांगतो. आणि मग तो त्या रात्रीकडे वळतो. कॅथरिनला पुरले त्याच दिवशी संध्याकाळी, बर्फ पडत असताना, तो एकटा स्मशानात गेला होता. त्याने पेटीपर्यंत माती उकरली. लाकूड कडकडू लागले तेव्हा वरून, कबरीच्या काठाशी, कुणीतरी उसासा टाकल्याचे त्याला ऐकू आले. ती खाली नाही, इथे वर आहे, अशी त्याची खात्री झाली. त्याने कबर बुजवली आणि ती आपल्यासोबत आहे या भावनेने तो घराकडे निघाला. घरी दार बंद. हिंडली आणि बायको आडवे आले. हिंडलीला लाथा घालून तो वरच्या मजल्यावर, तिच्या खोलीत धावला. ती तिथे असल्याचे जाणवत होते, पण दिसत मात्र नव्हती. त्या रात्रीपासून अठरा वर्षे हाच छळ चालू राहिला, असे तो म्हणतो.

इझाबेलाच्या हकिकतीत मारहाणीने बरीच जागा व्यापली आहे. हीथक्लिफच्या हकिकतीत तिला जेमतेम एक वाक्य मिळते, आणि तेही वाटेतला अडथळा म्हणून. घटना तीच आहे, पण तिचे कारण आता वेगळे दिसते. तो वादळामुळे परतला नव्हता. तो घाईत होता, कारण त्याला वर पोहोचायचे होते. तिसऱ्या प्रकरणातील खिडकीपाशी रडणाऱ्या माणसाचे उत्तरही इथेच मिळते. तो जिला हाका मारत होता ती आसपासच आहे असे त्याला अठरा वर्षे वाटत आले होते.

आता जेनेट यांची मांडणी करून पाहू. घटना चारच घेऊ आणि घडण्याच्या क्रमाने त्यांना आकडे देऊ. दफनाच्या संध्याकाळी कबर उकरणे ही १. त्याच रात्रीची मारहाण ही २. अठरा वर्षांनी एडगरसाठी कबर खणताना शवपेटी उघडणे ही ३. लॉकवुडच्या मुक्कामाच्या रात्री खिडकीपाशी रडणे ही ४. कादंबरीत त्या ज्या ओळीने येतात ती ओळ अशी बनते:

क४ – ख२ – ग३ – घ१ – च२

सगळ्यांत शेवटी घडलेली घटना सर्वांत आधी सांगितली आहे. सर्वांत आधी घडलेली घटना जवळजवळ शेवटी येते. आणि २ हा आकडा दोनदा आला आहे, कारण ती घटना दोनदा सांगितली गेली. या एका ओळीवरून फ्लॅशबॅकचे दोन वेगळे प्रकारही ओळखता येतात. घ१ हा भर घालणारा फ्लॅशबॅक आहे. आधी जी जागा रिकामी होती, म्हणजे हीथक्लिफ त्या संध्याकाळी कुठे होता, ती तो भरतो. च२ हा पुनरुक्तीचा फ्लॅशबॅक आहे. त्यात नवी घटना नाही, वाचकाला माहीत असलेलीच घटना पुन्हा येते आणि तिचा अर्थ बदलून जाते. माझ्या मते या कादंबरीचे खरे बळ दुसऱ्या प्रकारात आहे. माहिती नसणे वाचक सहज सहन करतो. आपल्याला माहीत आहे असे वाटत असताना ते अपुरे होते हे कळणे त्याला अधिक हलवते.

प्रत्येक फ्लॅशबॅकबद्दल आणखी दोन मापे विचारता येतात. सांगणाऱ्याच्या ‘आता’पासून तो किती मागे जातो, हा त्याचा पल्ला. आणि मागे गेल्यावर तो किती काळ व्यापतो, ही त्याची व्याप्ती. नेलीच्या कथनाचा पल्ला सुमारे तीस वर्षांचा आहे आणि व्याप्तीही जवळपास तेवढीच, कारण ती बालपणापासून सुरू करून सांगत सांगत थेट लॉकवुडच्या काळापर्यंत येऊन पोहोचते. इझाबेलाच्या हकिकतीचा पल्ला साधारण एका दिवसाचा. हीथक्लिफच्या हकिकतीचा पल्ला अठरा वर्षांचा, पण व्याप्ती मुख्यतः एका रात्रीची, आणि नंतरची सगळी वर्षे थोडक्यात आटोपलेली. पल्ला मोठा आणि व्याप्ती लहान असे जिथे असते तिथे ती एक रात्र सांगणाऱ्याच्या मनातून कधी गेलीच नाही हे त्या मापावरूनच जाणवते.

पल्ला मोजताना नवख्या वाचकाची गफलत एका ठिकाणी होते. ‘अठरा वर्षे’ हे शब्द हीथक्लिफ १८०१ च्या शरद ऋतूत नेलीशी बोलताना वापरतो. नेली ते शब्द नंतरच्या हिवाळ्यात लॉकवुडला सांगते. म्हणजे एका फ्लॅशबॅकच्या पोटात दुसरा फ्लॅशबॅक आहे, आणि आतल्या फ्लॅशबॅकचा पल्ला आतल्या बोलणाऱ्याच्या ‘आता’पासूनच मोजायला हवा. इथे फरक काही महिन्यांचाच आहे म्हणून हिशोब फारसा बिघडत नाही. दोन ‘आता’ एकमेकांपासून दहा-वीस वर्षे दूर असतील अशा कादंबरीत मात्र सगळे वयोमान कोलमडते.

मग ही वर्षे ठरवायची कशी? कादंबरी तारखा फार कमी देते. सुरुवातीला १८०१, बत्तिसाव्या प्रकरणाच्या आरंभी १८०२, आणि मध्येच सातव्या प्रकरणाच्या शेवटी नेलीच्या तोंडी १७७८ चा उन्हाळा. बाकीचे सगळे वयांवरून, ऋतूंवरून आणि जन्ममृत्यूंवरून काढावे लागते. सी. पी. सँगर नावाच्या इंग्रज वकिलाने १९२६ मध्ये हे काम चिकाटीने केले आणि ही कादंबरी किती काटेकोर कालगणनेवर उभी आहे ते दाखवून दिले. त्या रात्रीचे वर्ष आपणही काढू शकतो. १७७८ च्या जून महिन्यात हिंडलीच्या मुलाचा, हेअरटनचा, जन्म होतो. कॅथरिनचे लग्न होऊन नेली तिच्यासोबत ग्रेंजवर जाते तेव्हा हेअरटन जवळजवळ पाच वर्षांचा आहे, असे नेली सांगते. म्हणजे १७८३ च्या उन्हाळ्याआधीचा काळ. त्यानंतरच्या सप्टेंबरात हीथक्लिफ परततो. पुढचा हिवाळा कॅथरिनच्या आजारपणात जातो आणि वसंताच्या तोंडावर ती मरण पावते. म्हणजे १७८४.

महिना आणि दिवस मात्र मृत्यूच्या प्रकरणात सापडत नाहीत. ते एकविसाव्या प्रकरणात, दुसऱ्याच निमित्ताने येतात. तिच्या मुलीचा सोळावा वाढदिवस आहे, दिवस २० मार्चचा आहे, आणि वडील तो दिवस कधीच साजरा करत नाहीत कारण तोच त्यांच्या बायकोचा मृत्युदिन आहे. सोळाव्या प्रकरणातील घटनेची तारीख अशी पाच प्रकरणांनंतर, एका वाक्याच्या आडोशाला मिळते. फ्लॅशबॅकने विणलेल्या कादंबरीत तारीख आणि घटना एकाच पानावर असतील असे गृहीत धरू नये, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. काढलेले वर्ष बरोबर आहे का हे तपासताही येते. १७८४ च्या मार्चमध्ये जन्मलेली मुलगी १८०१ च्या अखेरीस सतरा वर्षांची असायला हवी, आणि दुसऱ्या प्रकरणात लॉकवुड तिला पहिल्यांदा पाहतो तेव्हा ती सतराचीही दिसत नाही असे तो लिहितो. अंदाज आणि वय जवळपास जुळले.

दोन क्रमांची गल्लत झाली तर काय बिघडते, हेही याच रात्रीवरून दाखवता येईल. एकोणतिसाव्या प्रकरणात पेटी उघडून कॅथरिनचा चेहरा पाहिल्यानंतर हीथक्लिफ म्हणतो की आता आपल्याला थोडी शांतता मिळाली आहे. तिसऱ्या प्रकरणातील आक्रोश वाचून बराच काळ झालेल्या वाचकाला वाटते की तेव्हा तो तळमळत होता आणि आता, कादंबरीच्या शेवटाकडे, शांत झाला. हे निवेदनक्रमाने खरे वाटते आणि घटनाक्रमाने चूक आहे. लॉकवुड हाइट्सवर गेला तेव्हा ग्रेंज भाड्याने दिलेले होते, म्हणजे एडगर आधीच गेलेला होता. एडगरची मुलगीही तेव्हा हीथक्लिफच्या घरी विधवा सून म्हणून राहत होती. पेटी उघडणे एडगरच्या दफनाच्या वेळचे. म्हणून ३ नंतर ४. ती ‘थोडी शांतता’ आधीची आहे आणि खिडकीपाशी फोडलेला टाहो नंतरचा. शांतता टिकली नव्हती. अशा जागी कोण जिवंत आहे, कोणाचे लग्न झाले आहे आणि कोणत्या घरात कोण राहते, या तीन गोष्टी तपासल्या की घटना काळात कुठे बसते ते सहसा कळते. पानांचा क्रम हा त्याचा पुरावा कधीच नसतो.

मराठी वाचकाला आणखी एक खूण उपयोगी पडते, आणि ती भाषेतच आहे. मराठीत कथा भूतकाळात चालू असताना लेखक आणखी मागे जातो तेव्हा पहिली एक-दोन वाक्ये ‘गेला होता’, ‘भेटली होती’ अशी येतात. एकदा वाचक मागे पोहोचला की लेखक पुन्हा ‘गेला’, ‘भेटली’ अशा साध्या भूतकाळावर येतो, कारण पानेच्या पाने ‘होता’, ‘होती’ने भरली तर वाक्ये जड होतात. त्यामुळे फ्लॅशबॅकमध्ये शिरण्याची खूण असते, पण त्यातून बाहेर पडण्याची खूण क्रियापदात नसते. ती जागेचे नाव, ऋतू, एखाद्याचे वय अशा मार्गाने द्यावी लागते. ती द्यायला लेखक विसरला तर वाचक एक-दोन पाने चुकीच्या वर्षात वावरतो आणि मग अचानक मेलेला माणूस बोलू लागल्यावर थबकतो. आपण रस्ता चुकलो आहोत हे कळण्याची ही खात्रीशीर जागा. तिथे मागे जाऊन शेवटचे ‘होता’ कुठे होते ते शोधावे.

येथवर दोन क्रम झाले. पण ही रात्र नीट समजायची असेल तर तिसरा क्रमही धरावा लागतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे सांगणाऱ्याला घटना ज्या क्रमाने कळल्या तो क्रम. नेली दफनाच्या संध्याकाळी स्मशानात नव्हती आणि हाइट्सवरही नव्हती. मारहाण तिला दुसऱ्या दिवशी इझाबेलाकडून कळली. कबर उकरल्याचे तिला अठरा वर्षांनी हीथक्लिफकडून कळले. ती लॉकवुडला गोष्ट सांगते ती याच क्रमाने. म्हणजे तिचे कथन घडण्याच्या क्रमाला धरून वाटत असले तरी ते प्रत्यक्षात कळण्याच्या क्रमाला धरून आहे.

आता बारकाईने पाहा. नेली ही गोष्ट १८०१–०२ च्या हिवाळ्यात सांगते आहे. हीथक्लिफची कबुली तिने त्याच्या काही महिने आधी ऐकली आहे. म्हणून सतराव्या प्रकरणात इझाबेलाचे ‘वादळामुळे लवकर परतला असेल’ हे वाक्य ती लॉकवुडला सांगते तेव्हा ते चुकीचे आहे हे तिला माहीत आहे. तरीही ती दुरुस्ती करत नाही. ‘खरे कारण मला पुढे कळले’ असे एवढेही म्हणत नाही. इझाबेलाला ते माहीत नव्हते, नेली मात्र ते राखून ठेवते आहे. वाचकाच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी सारखीच रिकामी जागा आहे, पण तिचे कारण वेगवेगळे आहे. पहिल्या ठिकाणी पात्राच्या ज्ञानाची मर्यादा आहे, दुसऱ्या ठिकाणी निवेदकाची निवड. पंधराव्या प्रकरणापासून लॉकवुड तिचे शब्द थोडे संक्षेपाने आपण लिहीत असल्याचे सांगतो, त्यामुळे या निवडीत त्याचाही वाटा असू शकतो. पण दोघांपैकी कोणाचाही असला तरी मुद्दा तोच राहतो. सांगणाऱ्याला सगळे आधीच माहीत असते आणि तरी तो आपल्याला स्वतःच्या त्या वेळच्या अज्ञानातून नेतो.

हे एकदा ध्यानात आले की दुसऱ्या कादंबऱ्या वाचतानाही प्रत्येक उशिरा आलेल्या माहितीला एक प्रश्न विचारता येतो: ही आधी सांगितली नाही ती सांगणाऱ्याला माहीत नव्हती म्हणून, की माहीत असून? पहिले असेल तर उशीर पात्राच्या आयुष्यातूनच आलेला आहे आणि तो पटतो. दुसरे असेल तर त्या उशिराला कारण हवे. नेलीच्या बाबतीत मला ते पटते, कारण ती साक्ष दिल्यासारखी बोलते, जे जेव्हा कळले ते तेव्हाच्या समजुतीसह मांडते. मात्र जिथे प्रथमपुरुषी निवेदक स्वतः केलेली कृतीच दोनशे पाने लपवतो आणि मग फ्लॅशबॅकमधून उघड करतो, तिथे वाचकाला फसवल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे योग्य असते. दोष फ्लॅशबॅकचा नसतो. त्या माणसाने तोवर स्वतःच्या मनाशीसुद्धा त्या कृतीचा विचार का केला नाही, याचे उत्तर लेखकाने दिलेले नसते.

दोन क्रम उलगडण्याच्या या पद्धतीला एक मर्यादाही आहे. सगळ्या घटना काळाच्या ओळीत मांडल्या म्हणजे ओळ सलग होईल, असे नाही. हीथक्लिफशी लग्न केले तर ते कमीपणाचे ठरेल असे कॅथरिनला बोलताना ऐकून तो घर सोडतो. तो जातो तेव्हा त्याच्याजवळ काही नाही. तीनेक वर्षांनी तो परततो तेव्हा त्याच्याजवळ पैसा आहे आणि वागण्यात माणूस बदलला आहे. मधल्या काळात तो कुठे होता, हे कादंबरी कोणत्याही फ्लॅशबॅकमधून सांगत नाही. घटनाक्रमाच्या यादीत तिथे ओळ मोकळी सोडावी लागते. तिथे अंदाज लिहिला की तो आपला ठरतो, कादंबरीचा राहत नाही. आणि ही जागा नेलीने राखून ठेवलेली नाही. चौथ्या प्रकरणात, हकिकतीला हात घालण्याआधीच, ती लॉकवुडला सांगून टाकते की या माणसाबद्दल तिला सगळे ठाऊक आहे, फक्त तो कुठे जन्मला, त्याचे आईवडील कोण आणि सुरुवातीला पैसा त्याने कसा मिळवला हे सोडून. जे तिला माहीत नाही ते ती पहिल्याच बैठकीत कबूल करते. जे माहीत आहे त्यासाठी मात्र ती वाचकाला एकोणतिसाव्या प्रकरणापर्यंत थांबवते.